'निज नीज माझ्या बाळा' ही अंगाई लेकराला म्हणावी का?

मृण्मयी_धरमपेठ

नमस्कार मंडळी. माझी लेक सात महिन्यांची आहे. सासूबाई तिला रोज रात्री एकच अंगाई म्हणतात, 'बा नीज गडे, नीज गडे, लडिवाळा, निज नीज माझ्या बाळा'. चाल इतकी मऊ आहे की मलाही पेंग येते. मी आजवर ती चालच ऐकत होते, शब्दांकडे लक्षच गेलं नव्हतं. परवा रात्री लाईट गेली, कूलर बंद पडला, घर एकदम शांत झालं आणि पहिल्यांदा शब्द नीट कानावर आले. घरात उंदीर खुडबुडताहेत, दाणे शोधताहेत, मिळत नाहीत म्हणून निराश होताहेत. आणि लवकरच तेही घर सोडून जातील, जसे नातेवाईक सोडून गेले. मी उठूनच बसले. हे आपण बाळाला म्हणतोय?

सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, त्यांच्या आईनं म्हटली, आजीनं म्हटली, कोणाला काही झालं नाही. त्यांना थांबवायचं नाहीये मला. पण कविता कोणाची, पूर्ण कशी आहे, आणि एवढं दुःख पोटात घेऊन ती इतकी गोड कशी लागते, हे कोणी सांगेल का?

हेमंत_सावनेर

मृण्मयीताई, ही आपल्या राम गणेश गडकऱ्यांची. गोविंदाग्रज नावानं ते कविता लिहायचे. त्यांचीच 'गुणि बाळ असा जागसि का रे वाया' ही जिजाऊंची अंगाई आहे, ती याच चालीत म्हणून बघा, शब्दाला शब्द बसतो. गडकरी आजारपणात आमच्या सावनेरला आले आणि २३ जानेवारी १९१९ ला तिथेच गेले. वय अवघं तेहतीस. त्यांच्या विनोदाखाली केवढं दुःख होतं ते जगाला माहीत आहे, तेव्हा ही अंगाई त्यांच्याच हातची असणार.

प्राजक्ता_मनीषनगर

सात महिन्यांच्या बाळाला रोज गाऊन झोपवायची सवय लावू नका, असं माझं स्पष्ट मत. माझ्या मुलाला मांडीवर थोपटल्याशिवाय झोपच यायची नाही, दोन वर्षं मी रात्रीची जागी होते. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की पेंगुळला की पाळण्यात ठेवा, थोडा रडू द्या. आणि उन्हाळ्यात कूलरचा आवाज चालू असला की बाळं तशीही छान झोपतात. लाईट जाते त्या रात्रीसाठी घरात एक हातपंखा ठेवा.

वसुधाकाकू_महाल

मृण्मयी, तुझ्या सासूबाई जे म्हणतात ती कविता कवी दत्तांची. दत्तात्रय कोंडो घाटे. जन्म १८७५, मृत्यू १८९९, म्हणजे पुरती पंचविशीही गाठली नाही. वि. द. घाटे हे त्यांचे चिरंजीव, जन्म १८९५ चा, म्हणजे वडील गेले तेव्हा ते जेमतेम चार वर्षांचे. हेमंतराव, चालीबद्दल तुम्ही म्हणता ते अगदी बरोबर आहे, त्यावर मी पुढे येते. पण दत्त गेले तेव्हा गडकरी चौदा वर्षांचेही झाले नव्हते. ही कविता आधीची आहे.

मी बरीच वर्षं शाळेत मराठी शिकवलं. ही कविता शिकवताना एक गोष्ट करून घ्यायचे, ती इथे करून दाखवते. एक ओळ लांब, एक आखूड, अशा जोड्या आहेत. पहिलं कडवं असं सुरू होतं:

रवि गेला रे सोडुनि आकाशाला,
धन जैसे दुर्भाग्याला
अंधार वसे चोहिकडे गगनात,
गरिबांच्या जेवि मनात
बघ थकुनि कसा निजला हा इहलोक,
मम आशा जेवि अनेक

आता फक्त लांब ओळी वाच. रवी आकाश सोडून गेला, चोहीकडे अंधार झाला, बघ सगळं जग थकून कसं झोपलं. ही जगातली कोणतीही अंगाई असू शकते. कोणतीही आई हे म्हणेल, कोणाला काही खटकणार नाही.

मग फक्त आखूड ओळी वाच. धन जैसे दुर्भाग्याला. गरिबांच्या जेवि मनात. मम आशा जेवि अनेक. ही दुसरीच कविता आहे, आणि ती बाळाला उद्देशून नाहीच.

लांब ओळीत पाळणा पुढे जातो, तिथे बाळाचं जग आहे, सूर्य, अंधार, झोप. आखूड ओळीत पाळणा परत येतो आणि त्या परतीत आपल्या मनातलं एक वाक्य टाकून जातो. ऐकणाऱ्याचं लक्ष लांब ओळीवर असतं, कारण सूर तिथे ताणलेला असतो. आखूड ओळ नुसती ताल पुरा करायला आली आहे असं वाटतं. म्हणून तुला इतके दिवस शब्द ऐकू आले नाहीत. तुझं काही चुकलेलं नाही, कवितेची बांधणीच तशी आहे.

आणखी एक बघ. आपण नेहमी काय म्हणतो? मन अंधारासारखं झालं. म्हणजे दुःख आधी, त्याला निसर्गातली उपमा नंतर. इथे उलटं आहे. अंधार कसा, तर गरिबाच्या मनासारखा. सूर्य कसा गेला, तर करंट्याकडून पैसा जातो तसा. या बोलणारीला गरिबी इतकी ओळखीची आहे की आकाश समजावून सांगायलाही ती तिचाच आधार घेते. अंधार बाळाला दिसतो आहे, तो समजावायची गरजच नाही. पण बोलणारीला दुसरी उपमाच सुचत नाही.

मृण्मयी_धरमपेठ

काकू, अंगावर काटा आला. लांब ओळी वेगळ्या आणि आखूड वेगळ्या, हे मी सासूबाईंना म्हणून दाखवलं. त्या म्हणाल्या, 'अगं, आखूड ओळीला मी पाळण्याची दोरी सैल सोडते.' म्हणजे हाताला ते आधीपासून माहीत होतं.

मग ते उंदरांचं कडवं कसं? तिथे जोड्या नाहीत असं वाटतं. आणि एक सांगायचं राहिलं, त्या उंदरांच्या ओळींवर सासूबाई जरा जलद थोपटतात. मुद्दाम करता का विचारलं तर त्यांना ते कळलंच नव्हतं.

वसुधाकाकू_महाल

जलद थोपटतात ना? तेच मला ऐकायचं होतं.

लांब ओळ वीस मात्रांची आहे, आखूड चौदांची. बोटावर मोजून बघ. 'रवि गेला रे' इथे आठ होतात, एक छोटा श्वास, मग 'सोडुनि आकाशाला' बारा. पुढे 'धन जैसे दुर्भाग्याला' चौदा. अशा तीन जोड्या झाल्या की कवी लांब ओळ काढून टाकतो आणि तीन आखूड ओळी एकामागोमाग ठेवतो, तिन्हींचं यमक एकच:

खडबड हे उंदिर करिती,
कण शोधायाते फिरती,
परि अंती निराश होती

ताणून धरायला लांब ओळ नाही, त्यामुळे हात आपोआप लहान लहान झोके देतो. सासूबाईंना शिकवावं लागत नाही, कडव्याची रचनाच त्यांच्याकडून ते करवते. आणि याच ठिकाणी घराची खरी अवस्था बाहेर येते. तोवर सगळं उपमेत होतं, 'गरिबांच्या मनात', 'दुर्भाग्याला', कोणाचं तरी दूरचं. उंदीर मात्र उपमेतले नाहीत. ते खरे आहेत, याच खोलीत आहेत, आणि त्यांना दाणा मिळत नाही. घरात धान्य नाही, हे तिनं कुठेही सांगितलेलं नाही. उंदरांनी सांगितलं. त्यानंतर पुन्हा वीस मात्रांची एक लांब ओळ येते, झोका सावरतो आणि 'निज नीज माझ्या बाळा' वर सगळं परत शांत.

मी मुलांना विचारायचे, घरात खायला नाही हे तुम्हाला कुठे कळलं? बहुतेक मुलं पहिल्या जोडीवर बोट ठेवायची. एखादीच पोर उंदरांवर ठेवायची.

ईश्वर_इतवारी

काकू, मले कवितेतलं जास्त कळत नाही जी, पण हे वाचून राहवलं नाही. आमच्या आजोबांची गिरणी बंद पडली तेव्हा माझे वडील पाळण्यात होते. आजी सांगे, आजोबा बाहेर ओट्यावर बसून राहत, कोणाशी बोलत नसत. आजी रात्री लेकराले निजवताना गाण्यातच सगळं सांगून टाके. किराण्याच्या दुकानात किती बाकी झाली, कोणत्या दीराने तोंड फिरवलं, चुलीत काय जळते आहे. चाल अंगाईचीच. आजोबा बाहेर ऐकत. समोरासमोर बोलली असती तर भांडण झालं असतं, लेकराच्या नावानं म्हटलं तर कोणी काही म्हणू शकत नव्हतं.

आजीले हे दत्तांचं गाणं माहीत नव्हतं. ती आपल्या मनाचं जोडे. पण मले वाटते, बाई लेकराले गाते तेव्हा ऐकणारा नेहमी लेकरूच असते असं नाही.

वसुधाकाकू_महाल

ईश्वर, हे लिहिलंत ते फार मोलाचं आहे. दत्तांच्या दुसऱ्या कडव्यात नेमकं हेच होतं, फक्त तिथे ओट्यावर बसून ऐकणारं कोणी उरलेलं नाही. तिथे दारच बोलतं. 'हे कळकीचे जीर्ण मोडके दार, कर कर कर वाजे फार.' बांबूचं मोडकं दार करकरतं, आणि ते कण्हून लोकांना आपलं दारिद्र्य सांगतं आहे असं ती बाळाला म्हणते. घरातली गोष्ट घराबाहेर जाते आहे याची लाज त्या ओळीत आहे. पहिल्या कडव्यात लांब ओळ निर्धास्त होती आणि आखूड ओळीत दुःख होतं. इथे लांब ओळीतच मोडकं दार आलं. म्हणजे दुःख आता लपून राहत नाही, कडव्यागणिक पुढे सरकतं आहे.

मग पुन्हा त्या तीन आखूड ओळी. फटीतून वारा येतो, तो डोळ्यांतलं पाणी सुकवतो, आणि तोच वारा बाळाला 'नीज' म्हणतो. ती म्हणते, 'हा सूर धरी माझ्या ह्या गीताला'. अंगाईला साथ कोणाची, तर भिंतीच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्याची. थंडीत त्या घरात काय होत असेल याचा विचार करा. पण बाळाला सांगताना तो वारा सूर धरणारा झाला.

निखिल_प्रतापनगर

मस्त चर्चा. मला तर वाटतं सगळ्याच अंगाया मुळात दुःखीच असतात. संथ लय, रात्र, एकटी बाई. 'निंबोणीच्या झाडामागे' घ्या, चंद्रसुद्धा झोपला आणि बाळाला झोप नाही, म्हणजे बाळ आजारी आहे हे उघड आहे. आणि आपल्या विदर्भातल्या बी कवींची 'माझी कन्या', 'गाई पाण्यावर काय म्हणुनी आल्या', तीही गरिबीची अंगाईच. बारशाचे पाळणे घ्या, चांदोबाची गाणी घ्या, सगळीकडे हेच सापडेल.

वसुधाकाकू_महाल

निखिल, एवढं सरसकट म्हणू नका. संथ लय म्हणजे दुःख नव्हे. बारशाचा पाळणा संथच असतो, पण तो दहा बायकांनी मिळून नाव ठेवताना म्हणायचा असतो, त्यात कौतुक असतं आणि ते खरंच कौतुक असतं. दुःख आहे म्हणायचं तर ते शब्दांत दाखवता आलं पाहिजे. दत्तांच्या कवितेत ओळीवर बोट ठेवता येतं. तसं बोट ठेवता येत नसेल तर ते आपल्या मनातलं आहे, गाण्यातलं नाही.

'निंबोणीच्या झाडामागे' मध्ये दुःख आहे, यात तुमचं बरोबर आहे. पण ते बाळाच्या आजारपणाचं नाही. मधुसूदन कालेलकरांचं गीत, १९७७ चा 'बाळा गाऊ कशी अंगाई' चित्रपट, सुमन कल्याणपूरांचा आवाज. पुढची कडवी ऐका. गाणारी सांगते की मी देवकी नाही, माझ्या वाट्याला यशोदेचं भाग्य आलं. शेवटाकडे तर तिच्या हातात 'रित्या पाळण्याची दोरी' उरते. म्हणजे पाळण्यात बाळच नाही. पण घरोघरी आपण पहिलं कडवंच म्हणतो आणि बाळ झोपलं की थांबतो. म्हणून ते गाणं लोकांना गोड वाटतं. त्यातलं दुःख लयीनं झाकलं गेलं नाही, झोपेनं झाकलं गेलं. बाळ लवकर झोपलं म्हणून आई पुढच्या कडव्यापर्यंत पोचली नाही.

'माझी कन्या' मात्र अंगाई नव्हे. बींचा जन्म मलकापूरचा, आपल्याकडचेच, आणि ती कविता मलाही प्राणप्रिय आहे. पण तिथे मुलगी मोठी आहे, गरिबीवरून कोणीतरी हिणवलं म्हणून ती रडते आहे आणि बाप समजूत घालतो आहे. तिला सगळं कळतं. दत्तांच्या बाळाला काहीही कळत नाही, म्हणूनच बोलणारी इतकं बोलू शकते. ईश्वरच्या आजीसारखं.

हेमंत_सावनेर

काकू, मग गडकऱ्यांची चाल तीच कशी? मी परत दोन्ही म्हणून पाहिल्या. फरकच नाही.

वसुधाकाकू_महाल

हेमंतराव, नुसती चाल नाही, कडव्याचा साचाही तोच. 'ही शांत निजे बारा मावळ थेट' लांब, 'शिवनेरी जुन्नरपेठ' आखूड. 'त्या निजल्या ना, तशाच घाटाखाली' लांब, 'कोकणच्या चवदा ताली' आखूड. 'थेट' आणि 'पेठ' मधला शेवटचा ट, ठ लांबवला की मोजून तेवढ्याच मात्रा. आणि मग जोड्या संपल्या की तीन आखूड ओळी, एकाच यमकाच्या:

इकडे हे सिद्दि-जवान,
तो तिकडे अफझुलखान,
पलिकडे मुलुखमैदान

त्यानंतर पुन्हा लांब ओळ, 'हे आले रे, तुजला बाळ धराया', आणि पालुपद.

दत्तांनी त्या तीन ओळींत उंदीर ठेवले, गडकऱ्यांनी त्याच जागी शत्रू ठेवले. त्याच्या आधी काय आहे बघा. 'बागुल तो बघ बाळा, किति बाई काळा काळा'. ही कोणत्याही घरातली थाप. झोप नाहीतर बागुलबुवा येईल. बाळ घाबरल्यासारखं करतं, आई हसते. पण पुढच्या तीन ओळींत बागुलबुवाला खरी नावं मिळतात. जंजिऱ्याचे सिद्दी, अफझलखान, विजापूरची ती प्रचंड तोफ. आता ही थाप राहिली नाही. शिवराय शिवनेरीवर जन्मले १६३० साली, अफझलखान प्रतापगडाखाली समोर आला १६५९ साली. पाळण्याशी बसलेल्या जिजाऊंना पुढचं ठाऊक नाही, वाचणाऱ्याला सगळं ठाऊक आहे. ती बाळाला खोटं भय दाखवते आहे अशा सुरात, आणि प्रत्येक नाव पुढे खरं होणार आहे.

इथेही लय जलद होते तिथेच खरी भीती आहे. मृण्मयी, सासूबाईंना हेही म्हणून बघायला सांग, हात तिथेच जलद होतो का ते.

निखिल_प्रतापनगर

म्हणजे गडकऱ्यांनी दत्तांचं अनुकरण केलं?

हेमंत_सावनेर

अनुकरण हा शब्द मला पटत नाही. ओवी कोणी एकाची असते का? पाळणा ज्याच्या अंगणात त्याची दोरी.

वसुधाकाकू_महाल

साचा दत्तांचा आधीचा आहे, एवढं पक्कं. मला स्वतःला वाटतं की गडकऱ्यांनी तो जाणून घेतला. कारण दत्तांच्या कवितेत सगळं जग झोपलं आहे आणि बोलणारी एकटी जागी आहे. गडकऱ्यांनी ते फिरवलं. बारा मावळ झोपले, जुन्नर झोपलं, कोकण झोपलं, आणि बाळ एकटं जागं आहे. आई म्हणते, 'जागसि का रे वाया', उगीच का जागतोस. वाचणाऱ्याला कळतं की हे जागणं उगीच नाही. दत्तांची अंगाई कानात असलेल्या वाचकाला हा बदल जास्त लागतो. पण हा माझा तर्क आहे, हेमंतरावांना पटलाच पाहिजे असं नाही.

मृण्मयी_धरमपेठ

काकू, शेवट कसा आहे? सासूबाईंना शेवटचं कडवं अर्धंच येतं. त्या म्हणतात देवाचं नाव येतं, म्हणून शेवट चांगला आहे.

वसुधाकाकू_महाल

देवाचं नाव येतं. शेवट चांगला आहे की नाही यावर आमच्या शिक्षकांच्या खोलीत नेहमी वाद व्हायचा.

उंदीर आणि दार झाल्यावर ती हिशेब मांडते. तुला जन्म दिला पण तुझ्यासाठी काही ठेवलं नाही. डोक्यावर छाया म्हणजे आकाश, धन म्हणजे दारिद्र्याची रास, वस्त्र म्हणजे दाही दिशा. त्याच्या पुढचं कडवं असं सुरू होतं: 'जोवरती हे जीर्ण झोपडे अपुले, दैवाने नाही पडले, तोवरती तू झोप घेत जा बाळा, काळजी पुढे देवाला'. झोपडं उभं आहे तोवर झोप. मी जिवंत आहे तोवर सांभाळीन. त्यानंतरची चिंता तू करू नको. आणि मग त्याच तीन आखूड ओळी:

दारिद्र्या चोरिल कोण,
आकाशा पाडिल कोण,
दिग्वसना फाडिल कोण

मागच्या कडव्यात ज्या तीन वस्तू वारसा म्हणून दिल्या त्याच इथे एकेक करून परत आल्या. धन दारिद्र्याचं, ते कोण चोरणार? छप्पर आकाशाचं, ते कोण पाडणार? कपडा दिशांचा, तो कोण फाडणार? म्हणजे तुझ्याकडे असं काहीच नाही जे कोणी हिरावून घेईल, म्हणून निर्धास्त झोप. याच्याइतकं कडवट आश्वासन मी मराठीत दुसरं वाचलेलं नाही. आणि तरी म्हणताना ते सगळ्यात जास्त डोलतं, कारण तिन्ही ओळी एकाच मापाच्या, तिन्हींच्या शेवटी 'कोण'. या कडव्यावर बाळ हमखास झोपतं.

माझ्या एक सहकारी बाई म्हणायच्या, ही श्रद्धा आहे, ती आई खरोखर भार देवावर टाकून मोकळी झाली. मला तसं वाटत नाही. 'काळजी पुढे देवाला' म्हणणारी बाई त्याच्या आधी 'जोवरती नाही पडले' म्हणते. पडणार हे तिनं धरूनच चाललं आहे.

प्राजक्ता_मनीषनगर

काकू, मला तुमच्या सहकारी बाईंचं पटतं. माझी आजी अशीच बोलायची, घर गळत असायचं आणि ती विठ्ठलाला सांगायची. त्यात कडवटपणा अजिबात नसायचा. आपण शहरात बसून त्यांच्या तोंडी आपली निराशा घालतो. तरी कविता वाचून मलाही वाटतंय की लेकराला गाऊन झोपवण्याबद्दल मी जरा जास्तच बोलले नाही ना, पण सवयीचा मुद्दा मी सोडत नाहीये.

ईश्वर_इतवारी

एक विचारू का जी? सगळे 'ती' म्हणून राहिले. बोलणारी आईच आहे हे कुठे लिहिलं आहे? दत्तांले तर स्वतः लेकरू होतं. बाप म्हणू शकत नाही का?

वसुधाकाकू_महाल

ईश्वर, फार नेमकं विचारलंत. मी इतका वेळ 'ती' म्हणत आले ते परंपरेनं. अंगाई म्हटली की आई. पण मी इथे दिलेल्या ओळींत बाईचं क्रियापद नाही. 'तुज जन्म दिला' आई म्हणेल तसा बापही म्हणेल. 'तोवरि तुज संगोपीन' यातही काही कळत नाही. ओळी दोघांच्याही तोंडी चालतात. बापाच्या तोंडी घातल्या तर 'तुज काही न मी ठेविले' ही ओळ जास्त जड होते, कारण त्या काळी मुलाला ठेवून जायचं ते बापानं. आईच्या तोंडी घातल्या तर गणगोत सोडून गेल्याची ओळ जड होते, ती विधवा वाटते.

हेमंत_सावनेर

बापच असला पाहिजे. कवी गेला तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता, हे कळल्यावर मला दुसरं काही ऐकूच येत नाही.

वसुधाकाकू_महाल

हेमंतराव, ते आपल्याला आज कळतं म्हणून ऐकू येतं. लिहिताना त्यांना आपण लवकर जाणार हे कुठे ठाऊक होतं? कविता त्यांच्या मरणावरून वाचायची नाही, एवढं मी स्वतःला बजावत असते. दरवेळी जमतंच असं नाही.

मृण्मयी_धरमपेठ

मी आज यजमानांना म्हणायला सांगितलं. त्यांना चाल येते, लहानपणापासून ऐकलेली आहे, शब्द मी कागदावर लिहून दिले. ते उंदरांपर्यंत छान म्हणाले. 'तुज काही न मी ठेविले' ला थांबले आणि म्हणाले, हे मी नाही म्हणणार. सासूबाई आतून म्हणाल्या, 'मग मधलं गाळ आणि पुढचं म्हण, मी तेच करते.' म्हणजे त्यांना ते कडवं येतं! विसरल्या नव्हत्या, गाळत होत्या. काकू, आता मला हे विचारायचं आहे की एवढ्या वर्षांत घरोघरी ती कविता कुठली कडवी गाळून म्हटली जाते? तुमच्या घरी कशी म्हणत, सगळ्यांनी लिहाल का?

ईश्वर_इतवारी

ताई, माझ्या काकूले विचारून सांगतो. ती उमरेडची आहे, तिच्या माहेरी म्हणत असं ती म्हणते. पण तिच्याकडे उंदीर नाहीत, चिमण्या आहेत.